पंधरा महिने

“लेकरू आता वरचं खातंय ना? मग रोज दोनदा घरी कशाला?” हे वाक्य मला अजून सलतं. बोलणाऱ्या मॅडम स्वतः दोन लेकरांच्या आई.

मी अंबाजोगाईत एका पतसंस्थेत काम करते. १० जानेवारी २०२३ ला मुलगी झाली. सव्वीस आठवड्यांच्या रजेतले सहा आधीच गेले होते, त्यामुळे मेअखेरीस कामावर आले तेव्हा ती पाच महिन्यांचीही नव्हती. घर योगेश्वरी मंदिराकडे, रिक्षाने सात-आठ मिनिटं. अकराला आणि चारला जाऊन पाजून यायचे. परवानगी तोंडी होती, तेवढ्यावरच मी उपकार मानले.

१० जुलैला सहा महिने भरले आणि परवानगी संपली. मॅडम जेवणाच्या सुट्टीत जा म्हणाल्या. पण अंगाला हा हिशोब कसा कळावा? चार वाजले की दूध दाटायचं, छाती दगडासारखी व्हायची. काउंटरवर समोर ग्राहक उभा, आणि मी ओला पदर फाइलखाली लपवून बसलेली. मग बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचं. आठवड्याभरात एका बाजूला गाठ धरली, ताप भरला. त्या दिवशी न विचारता घरी गेले, अर्ध्या तासात परत आले. महिनाअखेर अर्ध्या दिवसाचा पगार कापलेला!

पुढं कोर्टात काम करणाऱ्या मैत्रिणीनं १९६१ चा प्रसूती लाभ कायदा वाचायला दिला, तेव्हा मुलगी दीड वर्षाची झाली होती. कलम ११ : जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा पाजायला सुट्टी, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत. मोजायचं बाळाच्या जन्मापासून, कामावर परतल्यापासून नाही. वरचं अन्न सुरू झाल्यानं हक्क संपत नाही. कलम १३ म्हणत होतं, या सुट्टीपायी पगार कापता येत नाही. म्हणजे माझा हक्क १० एप्रिल २०२४ पर्यंत होता. नऊ महिने गेले.

सुट्टी किती मिनिटांची, हे नियमांत ठरतं. केंद्राच्या खाणी आणि सर्कशीसाठीच्या १९६३ च्या नियमांत प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं होती, बाळ लांब असेल तर जाण्यायेण्याला वर पाच ते पंधरा. खाणीतल्या बाईची वाट कुणीतरी तेव्हाच मोजली होती.

मॅडमवर वर्षभर राग धरला. आता वाटतं, त्यांनाही कुणी हे सांगितलं नसेल. त्यांनीही असंच दूध पिळून टाकलं असेल. तरी कापलेला पगार मी विसरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ६६ मध्येही पंधरा महिनेच आहेत. कामावर परतणाऱ्या बायांनो, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या. त्यात बाळाची जन्मतारीख लिहा, पंधरा महिने कधी भरतात तेही लिहा, आणि पोच घ्या. मी तोंडी परवानगीवर राहिले, म्हणून माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं.