भाभींचे डोळे

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोठ्या भाभी सकाळी उठल्या की त्यांच्या दोन्ही पापण्या सुजलेल्या असत. भाईजान दुबईला. त्यामुळे घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. अम्मी आम्हाला हळूच विचारायच्या, "रात्री रडते का ग ती?" भाभी म्हणायच्या, "नाही अम्मी, खरंच नाही." आम्ही मान डोलवायचो, पण विश्वास कुणाचाच बसत नव्हता. खुद्द भाभींच्या मनात भीती दुसरीच होती. त्यांच्या अब्बांची किडनी गेली होती, आणि तीही सुरुवात डोळ्यांच्या सुजेनेच झाली होती. हे त्यांनी आम्हाला महिनाभराने सांगितले.

मग आम्ही दोघींनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आधी घोट्यावर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला नाही. लघवीला फेस येतो का, सूज दुपारीही राहते का, असे विचारले. लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घेतला. सगळे ठीक निघाले. किडनीमुळे येणारी सूजही सकाळी डोळ्यांवर जास्त दिसते, पण ती बहुधा तेवढ्यावर थांबत नाही, पायांवरही उतरते. म्हणून अशा घराण्यात ही तपासणी आधी करायची, अंदाज नंतर बांधायचे, असे ते म्हणाले. एकच डोळा लाल होऊन दुखला, ताप आला किंवा दिसणे कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी यायचे.

बाकी कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. पापणीची कातडी अंगावर सर्वांत पातळ, आणि तिच्याखालची जागा सैल. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो, तेव्हा अंगातले पाणी खाली ओढले जाते. रात्री आडवे झालो की ते तोंडाकडे पसरते आणि या सैल जागेत साचते. उठल्यावर दोन-तीन तासांत उतरते. रात्री खारट खाल्ले की शरीर पाणी धरून ठेवते आणि हे जास्त होते. दिवसाला सगळे मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुरते. आमच्या कोकणी घरात तेवढे तर सोडे आणि लोणच्यातच संपते! झोपही त्यांची तुटकी होती. भाईजानचा फोन रात्री एकला, आणि पहाटे फजरला उठणे.

आम्ही सोडे, पापड बंद केले, फोन दहाला आणला. एक वही ठेवली: उठल्यावर, नऊला आणि बाराला सूज किती. आठवड्यात सूज थोडी उतरली, पण गेली नाही. वहीत एक शब्द मात्र रोज होता, "खाज". ती आम्ही डॉक्टरांना सांगायलाच विसरलो होतो. मिठाने किंवा जागरणाने खाज येत नाही. खाज, पाणी, सकाळच्या शिंका म्हणजे बहुधा ॲलर्जी.

त्याच सुमारास भाभी चार दिवस माहेरी गेल्या. तिथे बहिणींशी दोन वाजेपर्यंत गप्पा, ताटात सुके मासे. तरी खाज नाही आणि सूज नावाला! परत आल्या त्या रात्री आमच्याच घरात झोपल्या आणि सकाळी पापण्या पुन्हा फुगल्या. आता शंका उशीवर गेली. कापसाची, लग्नात आलेली, बारा वर्षांची. दमट हवेत अशा उशीत धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात, ते आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. उन्हात टाकली तर किडे मरतात, पण ॲलर्जी करणारी त्यांची विष्ठा आतच राहते, ती धुतल्याशिवाय जात नाही. कापसाची उशी धुता येत नाही. ती टाकली. नवीन उशीला घट्ट विणीचा, साखळीचा अभ्रा घातला, आणि चादरी दर आठवड्याला खूप गरम पाण्यात, साधारण साठ अंशांवर, धुऊ लागलो.

मधे एक चूक आमच्याकडून झाली. औषधाच्या दुकानातून विचारून डोळ्यांचे थेंब आणले, खाज दोन दिवसांत थांबली. डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच बंद करायला लावली. त्यात स्टेरॉइड होते; असे थेंब मनाने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. त्याऐवजी त्यांनी ॲलर्जीची गोळी दिली, तीही थोडेच दिवस.

तीन आठवड्यांनी वहीतली खाज संपली. परवा भाईजानचा व्हिडिओ कॉल सकाळीच आला. त्यांनी चेहरा जवळून पाहिला आणि विचारले, "रडलीस का?"

भाभी हसल्या, "काल रात्री सोडे होते. नऊला पुन्हा फोन करा, उतरलेले असतील."