गोडाचा कप्पा

रात्रीचं जेवण आटोपून, वर बडीशेप खाऊन सराफ्यात जाणारी माणसं आम्हा इंदूरकरांना नवीन नाहीत. आम्ही स्वतःच त्यांच्यातले. घरी आग्रहाची अर्धी पोळी 'आता घास जात नाही' म्हणून परत करायची, आणि तासाभरात बंद झालेल्या दागिन्यांच्या दुकानांपुढे उभं राहून रबडी खायची! घरातली मोठी माणसं 'गोडाचा कप्पा वेगळा असतो' म्हणून हसून सोडून देतात. मुलं मात्र खरंच विचारतात, 'असा कप्पा असतो का हो?' आमच्या घरी हा प्रश्न इतक्या वेळा निघाला, की उत्तर शोधणं भागच पडलं. जे हाती लागलं ते इथे मांडत आहोत.

पोटात असा कप्पा नाही. जठर ही एकच पिशवी. रिकामी असताना ती आकसलेली असते. घास उतरू लागले की तिचा वरचा भाग सैल पडतो आणि लिटरभर अन्न फारसा ताण न येता मावतं. म्हणून 'पोट भरलं' असं आपण म्हणतो तेव्हाही बहुधा थोडी जागा उरलेली असते. पण मग ती जागा रबडीला मिळते, पोळीला का नाही? इथे पोट सोडून जिभेकडे आणि मेंदूकडे वळावं लागतं.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आठ पदार्थ चाखायला देऊन प्रत्येक पदार्थ किती आवडला याचे गुण मागितले. मग त्यांतला एकच पदार्थ पोटभर खायला दिला आणि लगेच पुन्हा आठही चाखवले. जो पदार्थ खाल्ला होता त्याचे गुण उतरले. जे खाल्ले नव्हते त्यांचे फारसे हलले नाहीत. म्हणजे तृप्ती एकच नसते. पोटाची एक असते, आणि त्या-त्या चवीपुरती दुसरी.

ही दुसरी तृप्ती पचनावर अवलंबून नसते. जेवण संपल्यावर दोन मिनिटांतच ती दिसते, आणि तेवढ्यात अन्न पचून रक्तात उतरणं शक्य नाही. पुढे १९९७ मध्ये असंही दिसलं, की केळं किंवा कोंबडीचं मांस सुमारे पाच मिनिटं नुसतं चघळलं, किंवा त्याचा नुसता वास घेतला, तरी त्याच पदार्थाचा वास कमी आवडू लागतो. पोटात काही गेलेलं नसताना मेंदू त्या चवीला 'पुरे' म्हणतो.

हे आम्ही घरी करून पाहिलं. एका रविवारी पोहे, शेव, जिलेबी, श्रीखंड आणि केळं यांचा एकेक घास सर्वांनी खाल्ला आणि दहापैकी गुण दिले, एकमेकांची चिठ्ठी न पाहता. मग नाश्त्याला फक्त पोहे, हवे तितके. आठवीतल्या मुलीची चिठ्ठी सांगतो. खाण्याआधी पोह्यांना आठ गुण होते, नंतर तीन. शेव न खाताही सातावरून पाचावर आली. जिलेबी मात्र होती तिथेच, नऊवर. पुढच्या रविवारी उलट केलं. नाश्त्याला फक्त जिलेबी. ती नऊवरून चारावर उतरली, आणि तिच्याबरोबर श्रीखंडही आठावरून पाचावर आलं. पोहे आठावर ठाम!

यातून एक गोष्ट कळली, जी ऑक्सफर्डच्या प्रयोगांतही दिसली होती. गोडाने कंटाळलेली जीभ दुसऱ्या गोडालाही थोडी नाकारते, आणि तिखट-मिठाने कंटाळलेली दुसऱ्या खारट पदार्थाला. पण या गटातून त्या गटात उडी मारली की भूक परत आल्यासारखी वाटते. आपल्या इंदूरच्या पोहे-जिलेबीचं मर्म हेच. पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा देतात तेही पाहा. आंबट-खारट घोटाने गोडाचा कंटाळा मागे पडतो आणि वाढप्याचा आग्रह पुन्हा यशस्वी होतो. आपल्याकडे गोड शेवटीच यावं असा नियम नाही. वरणभातानंतर जिलेबी, मग मसालेभात, मग ताकभात असा क्रम चालतो. प्रत्येक वळणावर जिभेला नवं काही मिळतं.

याची किंमत किती? १९८४ मध्ये त्याच संशोधकांपैकी काहींनी चार टप्प्यांचं जेवण दिलं: सॉसेज, लोणी-पाव, चॉकलेटचा गोड पदार्थ आणि केळी. काहींना चारही टप्प्यांत एकच पदार्थ दिला. चार वेगळे पदार्थ मिळालेल्यांनी सुमारे ६० टक्के अधिक उष्मांक पोटात घातले. भूक सगळ्यांची सारखीच होती.

तरी जेवणानंतर काकडीची आठवण होत नाही, गोडाचीच होते. ते का? जर्मनीत कोलोन येथील संशोधकांनी २०२५ मध्ये उंदरांवर केलेल्या कामात याचा एक धागा सापडला. मेंदूतल्या ज्या पेशी 'पोट भरलं' असा निरोप देतात, त्याच पेशी साखर समोर येताच अफूसारखं सुख देणारं, शरीराचंच एक रसायन सोडतात. या रसायनाचा मार्ग अडवला तेव्हा पोट भरलेल्या उंदरांनी जादा साखर खाणं सोडलं. भुकेल्या उंदरांना मात्र काही फरक पडला नाही. माणसांच्या मेंदूच्या चित्रांतही साखरेचं पाणी दिल्यावर तोच भाग जागा झालेला दिसला. परंतु प्रत्यक्ष खाण्यावर त्याचा किती परिणाम होतो, हे उंदरांवरून माणसांबद्दल ठरवता येत नाही.

पालकांना याचा उपयोग असा. 'पोट भरलं' म्हणून भाजी टाकणारं आणि लगेच खीर मागणारं मूल लबाडी करतंय असं समजू नये. भाजीची गोडी त्याच्यापुरती खरोखर उतरलेली असते. पण भूक आहे की नुसती नव्या चवीची ओढ, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. खिरीऐवजी साधा वरणभात किंवा फळ पुढे करावं. तेही चाललं तर भूक आहे. फक्त खीरच हवी असेल तर ओढ चवीची आहे, आणि तिला दोन चमचे पुरतात, कारण पहिल्या काही घासांतच तिचीही गोडी उतरू लागते. काहीच नको वाटत असेल, गोडसुद्धा, तर मात्र पोट खरोखर भरलेलं आहे. त्यावर आग्रह करू नये.

आजी-आजोबांची गोष्ट वेगळी. ही चवीपुरती तृप्ती कुमारवयात सर्वांत ठळक असते आणि पासष्टीनंतर बरीच मंदावते. म्हणून नातवंडं दोन घासांत कंटाळतात आणि आजोबा रोज तोच दहीभात आनंदाने खातात. त्यांना कंटाळा येत नाही म्हणून ताटात दुसरं काही येत नाही, आणि आहार एकसुरी होतो. त्यांच्या ताटात डाळ, भाजी, फळ आपण होऊन वाढावं. ते मागतील याची वाट पाहू नये.