वाळलेल्या मोहाचा हिशेब

धानोरा तालुक्यातील एखाद्या गावात मोबाइलची रेंज क्षीण आणि घरी लॅपटॉप नाही. अशा तरुणाने उपजीविकेसाठी मोह निवडला, तर त्याचे भांडवल पहाट हेच. चैत्रात गळालेली फुले ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. झाडाखालचा पाचोळा न जाळता जाळी अंथरली, तर वणवा टळतो व फुलांना माती लागत नाही. ताज्या फुलांत बहुतांश पाणी असते. 20 किलो वेचली, तरी वाळवून विक्रीयोग्य 4-5 किलोच उरतात. मूठभर फुले दाबून सोडल्यावर एकमेकांस चिकटली, तर ओल शिल्लक आहे असे समजावे. ती तशीच साठवल्यास पावसाळ्यात बुरशी धरते. पूर्ण वाळलेला माल मात्र हंगामातील पडत्या भावाला विकण्याची सक्ती राहत नाही. बहर काही आठवड्यांचाच. त्यानंतर मेमध्ये 70 पानांच्या पुड्यांनी मोजला जाणारा तेंदू हाती येतो.