कार्ड बंद केल्यानंतरच्या नोंदी

“कार्ड शनिवारीच बंद केलं, मग सोमवारी पैसे गेलेच कसे?” बँकेच्या कार्ड-तक्रार विभागात काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकला. विचारणारा रागावलेला असतो आणि त्याच्या हातात स्टेटमेंट असतं. त्यावर पेनाने एक आडवी रेघ मारलेली असते: रेघेच्या वरचं आपलं, खालचं चोराचं. ही रेघ बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडलेली असते, कारण ती स्टेटमेंटमधल्या तारखेवरून मारलेली असते. त्या तारखेला पैसे खात्यातून वजा झाले, एवढंच ती सांगते. कार्ड यंत्राला कधी लागलं, हे तिच्यातून कळत नाही.

दुकानात कार्ड लावलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. पहिली काही सेकंदांत होते. दुकानाचं यंत्र तुमच्या बँकेला विचारतं, “एवढी रक्कम आहे का, देऊ का?” बँक हो म्हणते, पावती निघते, तुम्हाला एसएमएस येतो. दुसरी गोष्ट नंतर होते. दुकानदाराची बँक दिवसभराचे व्यवहार एकत्र करून पाठवते आणि तुमच्या बँकेकडून पैसे घेते. काही बँका पहिल्याच क्षणी खात्यातून रक्कम वजा करतात. काही बँका तेव्हा रक्कम नुसती रोखून धरतात आणि मागणी आल्यावर खरी नोंद टाकतात. मध्ये चौथा शनिवार आणि रविवार आला, तर खर्च आणि नोंद यांत दोन-तीन दिवसांचं अंतर सहज पडतं.

कार्ड ब्लॉक झालं की फक्त पहिली गोष्ट थांबते. त्या क्षणानंतर कोणी विचारलं तर बँक नाही म्हणते. आधी दिलेला होकार मात्र मागे घेता येत नाही, कारण दुकानदाराने त्याच भरवशावर माल दिलेला असतो. म्हणून ब्लॉकच्या आधीचे व्यवहार ब्लॉकनंतर खात्यावर येत राहतात, आणि त्यात काही गैर नसतं.

मग वेगळं करायचं कशावरून? एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण गुंता तसाच ठेवला आहे. २३ ऑगस्ट २०२५, गणपतीआधीचा शनिवार. डोंबिवलीच्या एक बाई दादरला खरेदीला आलेल्या. साडेसहाच्या सुमारास त्यांनी फोन पाहिला, तर कुठल्याशा चपलांच्या दुकानात ४,२०० रुपये गेल्याचा एसएमएस आलेला. पर्समध्ये कार्ड नव्हतं. त्यांनी लगेच बँकेच्या क्रमांकावर फोन लावला. गुरुवारी मुलाने स्टेटमेंट छापलं आणि शनिवारनंतर वजा झालेल्या सगळ्या रकमांवर खुणा केल्या. सात नोंदी, एकूण १६,३६६ रुपये. एवढ्या रकमेचा तक्रारअर्ज माझ्या टेबलावर आला.

सातपैकी तीन नोंदी कार्डाच्या नव्हत्याच. ३,००० रुपये म्युच्युअल फंडाच्या हप्त्याचे होते. तो हप्ता खात्यावर नोंदवलेल्या आदेशाने जातो, कार्डाशी त्याचा संबंध नाही. ६४० रुपये यूपीआयने त्यांनीच किराणावाल्याला दिले होते. २३६ रुपये नव्या कार्डाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. कार्ड ब्लॉक केलं म्हणजे खातं गोठवलं असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात यूपीआय, नेट बँकिंग, धनादेश, हप्त्यांचे आदेश हे सगळे दरवाजे उघडेच राहतात. म्हणून पहिली चाळणी ही: नोंदीच्या तपशिलात पीओएस, एटीएम किंवा ऑनलाइन कार्ड व्यवहाराची खूण आहे का? नसेल तर ती नोंद या कामातून बाजूला काढायची. ती अनोळखी असेल तर तिची तक्रार वेगळी, आणि तातडी जास्त, कारण तो चोर दुसऱ्या दारातून आलेला आहे.

उरल्या चार. सोमवारच्या तारखेला ४,२०० आणि १,८६०. मंगळवारच्या तारखेला २,४८० आणि ३,९५०. चारही ब्लॉकनंतरच्या तारखांच्या. इथे उपयोगी पडतो तो नोंदीतला बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्याला आम्ही आरआरएन म्हणतो. त्याची रचना साधारणपणे ठरलेली असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस, त्यापुढचे दोन तास, आणि उरलेले सहा यंत्राचा अनुक्रमांक. २३ ऑगस्ट हा २०२५ चा २३५ वा दिवस. चारही नोंदींचे क्रमांक ५२३५ ने सुरू होत होते. म्हणजे तारीख सोमवारची असो की मंगळवारची, चारही वेळा कार्ड शनिवारीच लागलं होतं. तासाच्या दोन आकड्यांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. काही ठिकाणी तिथे ग्रिनिचची वेळ असते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं तिथे १२ म्हणून दिसतात.

नेमक्या मिनिटासाठी एसएमएस पाहावा, आणि त्यातही मजकुरात छापलेली वेळ. संदेश फोनवर कधी पोचला याची वेळ कामाची नाही, कारण गर्दीत नेटवर्क अडलं तर तो अर्ध्या तासानेही येतो. बाईंच्या फोनवर चारही संदेश होते: ४.३५ ला १,८६०, ५.०५ ला २,४८०, ६.१० ला ४,२०० आणि ६.४९ ला ३,९५०. पहिल्या दोन वेळांना त्या स्वतः कुठे होत्या असं विचारल्यावर पिशव्यांतल्या पावत्या निघाल्या. एक साडी आणि एक मखराचं सामान. स्टेटमेंटमध्ये दुकानाच्या पाटीवरचं नाव नव्हतं, मालकाच्या नोंदणीकृत फर्मचं होतं, म्हणून त्यांना ती नावं परकी वाटली. हे फार वेळा होतं. अनोळखी नाव दिसलं की आधी रक्कम पावतीशी जुळवून पाहावी.

आता खरा वाद दोन नोंदींचा, एकूण ८,१५० रुपयांचा. आणि इथे ज्या क्षणाला महत्त्व आहे, तो ब्लॉकचा क्षण नाही. कार्ड ब्लॉक झाल्याचा संदेश बाईंना ६.५८ ला आला होता. तो धरला तर दोन्ही व्यवहार ब्लॉकच्या आधीचे ठरतात. पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारी बदलते ती ग्राहकाने बँकेला कळवल्याच्या क्षणी. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, ग्राहकाचा आधी निष्काळजीपणा झाला असला तरीही. बँकेने बटण किती वाजता दाबलं, हा बँकेचा आतला प्रश्न.

म्हणून मी कॉल सेंटरची नोंद मागवली. फोन ६.४२ ला लागला. भाषा निवडा, अमुक आकडा दाबा, हे होऊन “माझं कार्ड हरवलंय” हे वाक्य कर्मचाऱ्याने ऐकलं ते ६.४६ ला. मग जन्मतारीख, पत्ता अशी खातरजमा, आणि ६.५८ ला ब्लॉक. ३,९५० चा व्यवहार ६.४९ चा, म्हणजे कळवल्यानंतर तीन मिनिटांनी. तो पूर्णपणे बँकेच्या माथी. स्टेटमेंट कितीही वेळ न्याहाळलं असतं तरी हे कळलं नसतं. ते कळलं फोनच्या नोंदीवरून. बाईंच्या मोबाइलमधल्या कॉल यादीतही ६.४२ ची वेळ आणि बोलण्याचा कालावधी होता. अशा पडद्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

४,२०० ची नोंद कळवण्याआधीची, ६.१० ची. ती आपोआप ग्राहकाच्या माथी जात नाही. ५,००० पर्यंत पिनशिवाय नुसतं कार्ड टेकवून पैसे देता येतात. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० वरून वाढली. आमच्या नोंदीत हा व्यवहार टेकवून झालेला दिसत होता, पिन वापरलेला नव्हता. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवला असता आणि तो वापरून पैसे गेले असते, तर ते ग्राहकाचं दुर्लक्ष ठरलं असतं. इथे तसं काही नव्हतं, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. बाईंनी त्याच दिवशी कळवलं होतं. ज्या व्यवहारात चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिथे बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य धरतात. सूचना मिळाल्याचा दिवस त्यात मोजत नाहीत आणि आपल्या शाखेच्या सुट्ट्याही वगळतात. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यात ग्राहकाचा वाटा जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे उशीर झाला तर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. हरवलेल्या कार्डावरचा टेकवलेला व्यवहार या चौकटीत बसतो की नाही, यावर बँका वाद घालतात, आणि अशा प्रकरणांत खरी झुंज इथेच होते. या प्रकरणात ते पैसे परत दिले गेले.

आमच्या यंत्रणेतल्या नोंदींत आणखी एक ओळ होती, जी स्टेटमेंटमध्ये कधीच दिसत नाही. ७.२० ला कोणीतरी तेच कार्ड आणखी एका दुकानात लावलं होतं आणि ते नाकारलं गेलं होतं. नाकारलेल्या व्यवहारात पैसे हलत नाहीत, म्हणून खात्यावर त्याची खूण नसते. पण ब्लॉक खरोखर लागू झाला होता, याचा तो सर्वांत चांगला पुरावा.

ब्लॉकनंतरही कार्ड चालल्याची प्रकरणं विरळ असतात, पण असतात. बँकेची यंत्रणा बंद असताना कार्ड-नेटवर्क कधी कधी तिच्या वतीने होकार देतं, आणि त्याच्याकडची यादी ताजी नसेल तर ब्लॉक केलेलं कार्डही स्वीकारलं जातं. हा तोटा बँकेचा. मेट्रोत चालणाऱ्या कार्डांची गोष्ट वेगळी आहे. त्यात भरलेली ऑफलाइन शिल्लक खुद्द कार्डाच्या चिपवर असते. खात्यातून ती रक्कम भरण्याच्या दिवशीच गेलेली असते. ज्याला कार्ड सापडलं तो ती फाटकावर वापरू शकतो, आणि खात्यात त्याची काहीच नोंद उमटत नाही. म्हणून तिथे मोजकेच पैसे ठेवावेत.

तक्रारअर्ज करताना “शनिवारनंतरचे सगळे” असं लिहू नये. प्रत्येक वादग्रस्त नोंदीसाठी रक्कम, आरआरएन आणि एसएमएसमधली वेळ लिहावी. त्याखाली एका ओळीत आपण कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक. १६,३६६ चा अर्ज आला की तपासणाऱ्याला आधी ग्राहकाचेच व्यवहार वेगळे करत बसावं लागतं. ८,१५० चा अर्ज आला की तो थेट मुद्द्यावर येतो.

कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि तीही व्यवहाराच्या तारखेपासून धरून, म्हणजे मधलं व्याज बुडत नाही. ही जमा दिसली की लोक फाईल बंद करतात. ते घाईचं आहे. निकालासाठी बँकेकडे नव्वद दिवस असतात आणि निकाल उलटा गेला तर ती रक्कम पुन्हा वजा होऊ शकते. तेव्हा पुढचे तीन महिने स्टेटमेंट काढावं आणि त्या जमेच्या समोर वजावट आली आहे का, एवढंच पाहावं. आली असेल तर बँकेकडून लेखी कारण मागावं. ते पटलं नाही, किंवा तक्रारीला तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथेही पहिल्यांदा पाहिलं जातं ते हेच: कार्ड कधी लागलं आणि तुम्ही कधी कळवलं.