घड्याळ लावून शिकलेला प्रथमोपचार

इयत्ता नववीच्या वर्गात प्रथमोपचाराच्या तासाला शिक्षिकांनी मुलांच्या जोड्या केल्या. एकाने जखमी व्हायचे, दुसऱ्याने मदत करायची आणि नंतर भूमिका बदलायच्या. साहित्य मोजकेच होते: नळ, स्वच्छ सुती रुमाल आणि घड्याळ.

पहिला प्रसंग भाजण्याचा. उकळता चहा मनगटावर सांडला, असे मानले. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ असे घरात पाहिलेले उपाय मुलांनी सांगितले. शिक्षिकांनी समजावले, की चटका बसल्यावरही उष्णता त्वचेच्या आतल्या थरांत उतरत राहते. तूप किंवा लेप ती आतच कोंडतो, तर बर्फाने भाजलेल्या त्वचेला आणखी इजा होते. म्हणून अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढायच्या आणि हात नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा. धार बारीक चालते. खाली बादली ठेवली की पाणी वाया जात नाही.

सराव सुरू झाला. पाचव्या मिनिटालाच एक मुलगी म्हणाली, "पुरे झाले ना ग आता?" तिच्या जोडीदारणीने घड्याळाकडे बोट दाखवले आणि हात तसाच धरून ठेवला. खरी चूक येथेच होते. आग कमी झाली की माणूस हात काढून घेतो. आतली उष्णता मात्र अजून निवलेली नसते. नंतर भाग स्वच्छ कापडाने सैल झाकायचा आणि फोड फोडायचे नाहीत. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, जखम तळहाताहून मोठी असेल, विजेचा धक्का बसला असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

दुसरा प्रसंग कापण्याचा. रुमालाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबायची होती. एका मुलाने तीनदा रुमाल उचलून पाहिले. प्रत्येक वेळी गोठू लागलेले रक्त निघते आणि वाहणे पुन्हा सुरू होते, हे कळल्यावर त्याने हात हलवला नाही. रक्त भिजून वर आले तर पहिला रुमाल न काढता त्यावरच दुसरा ठेवून दाब वाढवायचा आणि तरीही रक्त न थांबल्यास रुग्णालय गाठायचे.

तिसरा प्रसंग घेरी येण्याचा. येथे घाई उलट्या दिशेने होते: सारे जण रुग्णाला उठवून बसवतात, तोंडात पाणी घालतात. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला आडवे ठेवून पाय फूटभर उंच धरायचे, कपडे सैल करायचे आणि गर्दी हटवायची. साधी घेरी बहुधा मिनिटभरात जाते. तेवढ्यात शुद्ध आली नाही, तर श्वास तपासायचा, १०८ क्रमांकावर फोन करायचा आणि श्वास नीट चालू असल्यास रुग्णाला कुशीवर वळवायचे.

तास संपला तेव्हा एक जोडी नळापाशीच उभी होती. तिची दोन मिनिटे अजून बाकी होती.