शिळा भात: निर्देशांक खाली येतो, भाराचे काय?

थंड केलेल्या भाताने रक्तातील साखर कमी वाढते, ही बातमी आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून सकाळच्या फेरफटक्यात पोहोचली आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या बागेत ती माझ्या वडिलांच्या कानी आली. मूळचे कोकणातले, बारा वर्षांचा मधुमेह आणि भातावाचून जेवण न मानणारे. त्या दिवसापासून आमच्याकडे आदल्या रात्रीचा भात फोडणी देऊन पानात येऊ लागला आणि त्यासोबत एक वाक्यही: "शिळा आहे ना, मग अजून थोडा वाढ." त्यांनी ऐकलेली बातमी खरी आहे. तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही, कारण त्यात दोन वेगळ्या राशींची गल्लत आहे.

पहिली राशी ग्लायसेमिक निर्देशांक. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ती १९८१ मध्ये मांडली. ज्यातून ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ खायला देतात, दोन तास रक्तशर्करा मोजतात आणि तिच्या आलेखाखालील वाढीव क्षेत्रफळाची तुलना ५० ग्रॅम ग्लुकोजशी करतात. ग्लुकोजला १०० मानले, तर पांढरा भात साधारण ७० च्या आसपास येतो. वाणानुसार तो बराच बदलतो. हा आकडा पदार्थाचा स्वभाव सांगतो, पानातले प्रमाण सांगत नाही. ते सांगणारी दुसरी राशी म्हणजे ग्लायसेमिक भार: निर्देशांक गुणिले खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले १००. कलिंगडाचा निर्देशांक भाताच्या जवळपास असला, तरी १०० ग्रॅम फोडींत कर्बोदके जेमतेम ८ ग्रॅम. म्हणून भार ५-६ च भरतो.

आता थंड होण्याकडे वळू. तांदळातील पिष्टाचे रेणू कणांमध्ये अंशतः स्फटिकरूपात रचलेले असतात. शिजताना पाणी आत शिरते, ही रचना मोडते आणि सैल झालेल्या साखळ्यांवर पाचक विकरे सहज काम करतात. भात निवला की साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून नवे स्फटिक घडवतात. सरळ साखळीचे अमायलोज काही तासांत जुळते, फांद्यांचे अमायलोपेक्टिन काही दिवस घेते. शिळा भात मोकळा आणि कडक लागतो तो यामुळेच. अमायलोपेक्टिनचे स्फटिक ५०-६० अंश सेल्सियसला वितळतात, अमायलोजचे मात्र १२० अंशांच्याही वर. म्हणून भात पुन्हा गरम केला, तरी थंडीने घडवलेली सगळी रचना पुसली जात नाही.

परिणाम किती? इंडोनेशियातील संशोधकांनी २०१५ मध्ये १५ निरोगी प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ४ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात पचनाला दाद न देणारे पिष्ट १०० ग्रॅममागे ०.६४ वरून १.६५ ग्रॅम झाले, आणि रक्तशर्करेचा प्रतिसाद सुमारे १८ टक्क्यांनी घटला. इथे थोडे थांबावे. १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात; त्यांतला एक ग्रॅम पचनातून वगळला गेला, तर घट ४ टक्क्यांहून कमी हवी. उरलेल्या घटीचा सरळ अर्थ असा लागतो, की बाकीचे पिष्ट पचते, पण सावकाश. थंडी मुख्यतः वेग बदलते, साठा नव्हे.

हाच हिशेब वडिलांच्या पानावर मांडू. १५० ग्रॅम ताज्या भातात ४२ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे भार सुमारे २९. तोच भात थंड करून गरम केला आणि १८ टक्के घट जशीच्या तशी धरली, तर २४. पण "अजून थोडा" म्हणून १०० ग्रॅम जास्त वाढला, की भार ४० वर जातो. याउलट १०० ग्रॅम गरम ताजा भात खाल्ला असता, तर तो २० च राहिला असता. वाढणीच्या चमच्याने शीतकपाटावर मात केली, ती अशी.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. टाइप-१ मधुमेहींवरील पोलंडमधील अभ्यासात (२०२२) थंड करून गरम केलेल्या भातानंतर साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग अधिक दिसले. इन्सुलिनची मात्रा ताज्या भाताच्या हिशेबाने घेतली, तर भात मागे राहतो आणि इन्सुलिन पुढे धावते. दुसरी मर्यादा दिल्लीच्या उन्हाळ्याची. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून तगतात, उबदार भातात वाढतात, आणि त्यांचे उलटी आणणारे विष फोडणीने नष्ट होत नाही. तेव्हा भात उथळ ताटात पसरून निववावा आणि तास-दीड तासात शीतकपाटात ठेवावा. रात्रभर ओट्यावर नको.

आमच्याकडे फोडणीचा भात अजूनही होतो. फक्त तो आता वाटीने मोजून पानात येतो.