विरजण नाही, मग पहिले दही कसे लावायचे?



डिसेंबरात चार दिवस बाहेरगावी राहून आम्ही आण्याला परतलो, तेव्हा घरात विरजण नव्हते. मागे ठेवलेल्या दह्यावर दोन रात्री केव्हाच उलटल्या होत्या. आमच्याकडे असे दही खात नाहीत, त्याचे विरजणही लावत नाहीत. शेजारी वाटीभर आनंदाने देतात, पण ते दही किती रात्रींचे हे कसे विचारायचे?

सासूबाई म्हणाल्या, "मिरचीचे देठ घाल. आम्ही तसेच करायचो." मी कॉमर्सची, हिशोब मांडल्याशिवाय विश्वास बसत नाही. शेजारच्या जाऊबाईंनी सकाळीच ताक घुसळले होते, आणि ते आदल्या रात्री लावलेल्या दह्याचे आहे हे त्यांनी आपणहून सांगितले. म्हणून दोन्ही करून पाहिले.

दूध उकळून, बोट सोसेल इतके कोमट केले. एका वाटीत लाल सुक्या मिरचीचे सहा देठ टोप्यांसकट बुडवले. दुसऱ्या वाटीत अर्धा पेला दुधाला दोन चमचे ताक घालून ढवळले. दोन्ही वाट्या झाकून गोधडीत गुंडाळल्या. पठारावरची थंडी तुम्हाला माहीत आहे, उघड्या ओट्यावर दही लागतच नाही.

सकाळी ताकाची वाटी घट्ट लागली होती. देठांचे दूध मात्र अजून दूधच. दुपारपर्यंत ते लागले, पण पातळ आणि थोडे तार सुटणारे. देठ काढून टाकले. त्यातलेच चमचाभर घेऊन संध्याकाळी ताजे दूध लावले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुरीने कापावे असे दही मिळाले.

कारण साधे आहे. दूध आंबवणारे जंतू ताकात आधीच भरपूर असतात. देठांवर ते थोडे असतात, आणि सोबत इतरही. कोणते आधी वाढतील हे आपल्या हातात नाही. त्यामुळे देठांनी दही लागते खरे, पण दर वेळी लागेलच असे नाही, आणि पहिल्या घाण्याची चव सांगता येत नाही. ते पहिले दही मी ताटात वाढत नाही, फक्त पुढच्यासाठी विरजण म्हणून वापरते. गुलाबी किंवा केशरी डाग दिसला, बुडबुडे आले, कुबट वास आला, तर विरजणालाही नाही, टाकूनच द्यायचे. जीव हळहळतो, पण अर्धा पेलाच दूध गेलेले असते. म्हणूनच पातेलेभर दुधावर हा प्रयोग करू नका.

पाकिटातल्या मसाला ताकाचा भरवसा धरू नका. बरेच दिवस टिकावे म्हणून ते तापवलेले असेल तर त्यात जिवंत काहीच उरत नाही, दूध तसेच राहते.

सासूबाईंनी देठांच्या वाटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी पण पहिले असेच व्हायचे, ते मी सांगायचे विसरले."